टोपोशीटवरचे चौकोन मोजून हेक्टर काढणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गावतळ्याच्या, सिमेंट नाला बांधाच्या किंवा पाझर तलावाच्या वरचे पाणलोट क्षेत्र काढायचे असेल, तर भारतीय सर्वेक्षण विभागाची १:५०,००० ची टोपोशीट आणि पारदर्शक आलेख कागद एवढ्यावर काम भागते. पद्धत सोपी आहे, पण एका ठिकाणी उत्तर हमखास बिघडते: नकाशाचे प्रमाण लांबीचे असते आणि आपण मोजत असतो क्षेत्रफळ. पुढचे बहुतेक प्रश्न त्याच जागेभोवती फिरतात.

एका चौरस सेंटिमीटरचे हेक्टर किती होतात?

१:५०,००० म्हणजे नकाशावरचा १ सेंमी जमिनीवर ५०,००० सेंमी, म्हणजेच ५०० मीटर. आता नकाशावर १ सेंमी बाजूचा चौकोन काढा. जमिनीवर त्याची रुंदी ५०० मीटर आणि लांबीही ५०० मीटर. क्षेत्रफळ ५०० × ५०० = २,५०,००० चौरस मीटर. एका हेक्टरात १०,००० चौरस मीटर असतात, म्हणून हा चौकोन २५ हेक्टरचा झाला.

आलेख कागदावरचा सगळ्यात लहान चौकोन १ मिमी बाजूचा असतो. तो जमिनीवर ५० मीटर बाय ५० मीटर, म्हणजे २,५०० चौरस मीटर किंवा २५ आर. मोजणी सुरू करण्यापूर्वी ट्रेसिंगच्या कोपऱ्यात या दोन ओळी लिहून ठेवाव्यात: “१ चौ. सेंमी = २५ हेक्टर, १ चौ. मिमी = ०.२५ हेक्टर.” वर्ग करण्याचे काम इथे एकदाच होते आणि संपते. त्यानंतर फक्त मोजायचे आणि गुणायचे.

प्रमाणाचा वर्ग का करायचा? ५०,००० ने गुणले की झाले, असे का नाही?

५०,००० हा आकडा एका दिशेचा आहे. चौकोनाला दोन दिशा असतात आणि नकाशा करताना दोन्ही तेवढ्याच पटीने लहान केलेल्या असतात. म्हणून परत जमिनीवर जाताना दोन्ही दिशा ताणाव्या लागतात: ५०,००० × ५०,०००, म्हणजे २५० कोटी पट.

हा आकडा अंगावर येतो, पण त्यानेही उत्तर तेच येते. एका हेक्टरात १० कोटी चौरस सेंटिमीटर असतात. २५० कोटी भागिले १० कोटी म्हणजे २५. ज्यांना ५०० मीटरवाली वाट पटत नाही त्यांनी हा हिशेब एकदा स्वतः मांडून पाहावा. दोन्ही वाटा २५ वरच येऊन मिळतात.

वर्ग करायचा राहिला तर उत्तर उघडच चुकीचे दिसेल ना? मग एवढी काळजी कशाला?

नेहमी दिसत नाही. नकाशावर १५.३३ चौ. सेंमी आले असे धरा. कोणी ते सरळ ५०,००० ने गुणले तर ७,६६,५०० चौ. सेंमी येतात, म्हणजे जेमतेम पाऊण गुंठा. एका अख्ख्या पाणलोटाचे क्षेत्र अंगणाएवढे आले की चूक लगेच ध्यानात येते. कोणी ५०० मीटरने गुणले तर ७,६६५ “चौरस मीटर” येतात. पाऊण हेक्टराचा पाणलोट पाहूनही माणूस थबकतो.

खरा धोका किलोमीटरमध्ये हिशेब करणाऱ्याला आहे. १ सेंमी म्हणजे ०.५ किमी, म्हणून १५.३३ × ०.५ = ७.६७ चौ. किमी, म्हणजे ७६७ हेक्टर. हा आकडा अगदी शक्य वाटतो. ओढ्याच्या वरच्या अंगाला साडेसातशे हेक्टर असायला काय हरकत आहे? पण बरोबर गुणक ०.५ × ०.५ = ०.२५ चौ. किमी आहे आणि खरे क्षेत्र ३८३ हेक्टर आहे. उत्तर नेमके दुप्पट आले आणि कागदावर ते कुठेच खटकले नाही.

१:१,००,००० च्या नकाशावर सराव झालेल्यांकडून ही चूक जास्त होते, असे माझे निरीक्षण आहे. तिथे १ सेंमी म्हणजे १ किमी आणि १ चौ. सेंमी म्हणजे १ चौ. किमी. एकाचा वर्ग एकच, त्यामुळे वर्ग केला काय आणि न केला काय, उत्तर बरोबरच येते. चुकीची सवय त्या नकाशावर झाकली जाते. मग १:५०,००० वर ती दुपटीने फसवते आणि १:२५,००० वर चौपटीने, कारण तिथे १ सेंमी पाव किलोमीटर असतो आणि १ चौ. सेंमी एक-सोळांश चौ. किमी, म्हणजे ६.२५ हेक्टर.

प्रत्यक्ष मोजणी कशी करायची? एक उदाहरण पूर्ण करून दाखवाल का?

समजा ओढ्यावर बंधाऱ्याची जागा ठरली आहे. टोपोशीटवर त्या जागेवर पेन्सिलीने खूण करा. तिथून दोन्ही बाजूंनी चढत जा आणि ओढ्याला मिळणारे सगळे नाले आत राहतील अशी जलविभाजक रेषा काढा. ही रेषा समोच्च रेषांना काटकोनात छेदते, सोंडेच्या माथ्यावरून जाते आणि बंधाऱ्याची जागा सोडून कुठेही ओढा किंवा नाला ओलांडत नाही. नाला ओलांडला असेल तर रेषा चुकली आहे. ती दुरुस्त केल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण मोजणी कितीही बारकाईने केली तरी हद्दच चुकलेली असेल तर उपयोग नाही.

रेषा बंद झाली की ती ट्रेसिंग पेपरवर टोकदार पेन्सिलीने उतरवा आणि ट्रेसिंग मिलिमीटर आलेख कागदावर ठेवून चिकटवा. आधी पूर्ण आत असलेले १ सेंमीचे चौकोन मोजा आणि मोजलेल्या प्रत्येकावर बारीक टिंब द्या. आपल्या उदाहरणात असे ९ चौकोन भरले, म्हणजे ९०० चौ. मिमी. मग काठावरचे अर्धवट चौकोन एकेक करून घ्या आणि प्रत्येकात हद्दीच्या आत किती चौ. मिमी येतात ते त्याच चौकोनात लिहा: ६२, ३८, ७१ असे. या सगळ्यांची बेरीज ६३४ आली. एकूण १,५३४ चौ. मिमी.

आता ट्रेसिंग सोडवा, आलेख कागदावर थोडे फिरवून आणि सरकवून पुन्हा चिकटवा आणि नव्याने मोजा. दुसऱ्या वेळी १,५१८ आणि तिसऱ्या वेळी १,५४६ आले. सरासरी १,५३३ चौ. मिमी. गुणिले ०.२५, म्हणजे ३८३ हेक्टर.

तीन मोजण्यांचे वेगवेगळे हेक्टर काढले तर ३७९.५, ३८३.५ आणि ३८६.५ येतात. हा ७ हेक्टरचा फरक तुमच्या हाताची अचूकता सांगतो. अहवालात ३८३.२५ हेक्टर लिहिणे म्हणजे जी अचूकता नाही ती असल्याचा दावा करणे होय. “सुमारे ३८५ हेक्टर” हे प्रामाणिक उत्तर आहे.

“अर्ध्याहून जास्त असेल तर एक धरा, कमी असेल तर सोडा” हा शाळेतला नियम चालत नाही का?

चालतो, पण चौकोन लहान असतील तर. १ सेंमीच्या चौकोनावर हा नियम लावला तर प्रत्येक निर्णय २५ हेक्टरच्या चौकोनाबद्दल होतो. आपल्या उदाहरणासारख्या आकृतीच्या काठावर तेरा-चौदा अर्धवट चौकोन सहज येतात. वरखाली होणाऱ्या चुका एकमेकींना खातात हे खरे, पण इतक्या थोड्या चौकोनांत त्या पूर्ण खातीलच याची खात्री नसते. हाच नियम २ मिमीच्या किंवा १ मिमीच्या चौकोनांवर लावला तर काठावरच्या शंभरेक निर्णयांत तो चांगला स्थिरावतो.

पेन्सिलीची रेषा आत धरायची की बाहेर?

मधोमध. हा प्रश्न फार थोडे जण विचारतात, पण तो विचारायलाच हवा. १:५०,००० वर अर्ध्या मिलिमीटरची रेषा जमिनीवर २५ मीटर रुंद असते. आपल्या आकृतीची परिमिती सुमारे १६ सेंमी आहे. १६० मिमी × ०.५ मिमी = ८० चौ. मिमी, म्हणजे नुसत्या रेषेखाली २० हेक्टर जमीन झाकली गेली. एकाने रेषेची आतली कड धरली आणि दुसऱ्याने बाहेरची, तर दोघांच्या उत्तरांत २० हेक्टरचा फरक पडेल आणि दोघांनीही मोजणी बरोबर केली असेल.

याच कारणाने ओढ्याचे पात्र, रस्ता किंवा कालवा यांचे क्षेत्र या पद्धतीने काढू नये. टोपोशीटवर रस्ता त्याच्या खऱ्या रुंदीने काढलेला नसतो, तो दिसावा म्हणून जाड केलेला असतो. त्याचे चौकोन मोजले तर हाती छपाईच्या शाईचे क्षेत्रफळ येते. अशा पट्ट्यांसाठी लांबी नकाशावरून घ्यावी, रुंदी जागेवर टेपने मोजावी आणि मग गुणाकार करावा.

माझ्याकडे मूळ शीट नाही, झेरॉक्स आहे. १ चौ. सेंमी = २५ हेक्टर लागू होईल का?

आधी तपासा. झेरॉक्स यंत्र किंवा “कागदात बसवा” असे सांगून काढलेली प्रिंट नकाशा थोडी लहान-मोठी करते आणि वरचे “१:५०,०००” हे छापील अक्षर मात्र तसेच राहते. छापील रेषाप्रमाण नकाशाबरोबरच आक्रसते, म्हणून विश्वास त्याच्यावर ठेवायचा. १ किमीचा तुकडा पट्टीने बरोबर २० मिमी भरला पाहिजे.

रेषाप्रमाण झेरॉक्समध्ये कापले गेले असेल तर अक्षांशाच्या खुणा वापरा. शीटच्या डाव्या-उजव्या कडेला दर ५ मिनिटांना खूण असते. महाराष्ट्रात ५ मिनिटे अक्षांश म्हणजे सुमारे ९.२२ किमी, म्हणून १:५०,००० वर दोन खुणांमधले अंतर १८.४५ सेंमीच्या आसपास हवे. लांब अंतर असल्याने २ सेंमीच्या तुकड्यापेक्षा हा ताळा जास्त नेमका पडतो. रेखांशाच्या खुणा मात्र यासाठी घेऊ नका, कारण उत्तरेकडे जाताना त्यांच्यातले अंतर कमी होत जाते.

समजा तुमच्या झेरॉक्सवर हे अंतर १७.९ सेंमी भरले. नकाशा फक्त ३ टक्क्यांनी लहान झाला आहे, पण क्षेत्रफळ दोन्ही दिशांनी घटते, म्हणून चूक ६ टक्क्यांची होईल. १८.४५ भागिले १७.९ = १.०३०७, त्याचा वर्ग १.०६२४, आणि २५ × १.०६२४ = २६.५६. या प्रतीवर १ चौ. सेंमी म्हणजे २६.५६ हेक्टर. आपलाच पाणलोट या प्रतीवर सुमारे १,४४३ चौ. मिमी भरेल. १४.४३ × २६.५६ पुन्हा ३८३ देते. गुणक न बदलता २५ ने गुणले असते तर ३६१ आले असते आणि २२ हेक्टर कुठे गेले हे कळलेच नसते.

उभ्या दिशेची तपासणी झाल्यावर रेषाप्रमाण असेल तर आडव्या दिशेचीही करा. काही यंत्रे कागद ओढताना एकाच दिशेने ताणतात. तसे झाले असेल तर दोन दिशांचे गुणक वेगवेगळे काढून त्यांचा गुणाकार घ्यावा. त्यावेळी वर्ग हा शब्द लागू पडत नाही, पण तत्त्व तेच राहते: प्रत्येक दिशेचा एक गुणक.

शीटवर किलोमीटरची जाळी छापलेली असेल तर?

मग काम आणखी खात्रीचे होते. १ किमी बाजूचा छापील चौकोन १०० हेक्टरचा असतो, प्रत कोणत्याही आकाराची असो. त्या चौकोनात तुमच्या आलेख कागदाचे किती चौ. मिमी बसतात ते मोजा. मूळ शीटवर ४०० बसतील, म्हणून १ चौ. मिमी = १०० ÷ ४०० = ०.२५ हेक्टर. लहान झालेल्या प्रतीवर बाजू १९ मिमी भरली तर ३६१ बसतील आणि १ चौ. मिमी ०.२७७ हेक्टरचा होईल. इथे प्रमाण वाचावेच लागत नाही, वर्ग आपोआप झालेला असतो. जाळी उपलब्ध असेल तर मी हीच पद्धत आधी वापरायला सांगेन.

नकाशा दुप्पट मोठा करून मोजला तर उत्तर जास्त अचूक येईल का?

मोजणे डोळ्यांना सोपे जाईल, एवढेच. दोनपट मोठा केलेला १:५०,००० चा नकाशा १:२५,००० चा होतो, चौकोन चौपट भरतात आणि प्रत्येकाचे मूल्य एक-चतुर्थांश होते. मूळ रेषेतली चूकही तितकीच मोठी होते. १:५०,००० वर समोच्च रेषा साधारणपणे २० मीटरच्या अंतराने असतात. सपाट माळावर त्या इतक्या विरळ असतात की जलविभाजक नेमका कुठून जातो हे नकाशा सांगूच शकत नाही. मोठी झेरॉक्स काढून ती माहिती येत नाही. अशा ठिकाणी पावसाळ्यात बांधावर उभे राहून पाणी कुठे वळते ते पाहणेच खरे.

गावनकाशावरही हीच पद्धत वापरता येईल का?

हो, फक्त गुणक नव्याने काढा. १:१०,००० वर १ चौ. सेंमी म्हणजे नेमका १ हेक्टर. १:५,००० वर २५ आर. १:१,००० च्या मोजणी नकाशावर १ आर.

जुन्या नकाशांवर प्रमाण इंच आणि साखळ्यांत लिहिलेले असते आणि तिथे एक सापळा आहे. मुंबई इलाख्याच्या जमीन मोजणीतली साखळी ३३ फुटांची. आपला गुंठा तिच्यातूनच आला: ३३ फूट बाय ३३ फूट. इंग्रजी गंटर साखळी मात्र ६६ फुटांची असते. “१ इंच = २० साखळ्या” यात साखळी ३३ फुटी असेल तर १ इंच म्हणजे ६६० फूट, १ चौरस इंच म्हणजे २० × २० = ४०० गुंठे, म्हणजे १० एकर. तीच साखळी ६६ फुटी धरली तर उत्तर दुप्पट येत नाही, चौपट येते: ४० एकर. हा घोळ टाळायला नकाशावरचा एखादा गट निवडा, ज्याचे क्षेत्र सातबाऱ्यावरून माहीत आहे, आणि तो मोजून पाहा. उत्तर चौथ्या हिश्शावर किंवा चौपटीवर गेले तर साखळी चुकली.

हद्दीच्या वादासाठी मात्र हे आकडे पुढे करू नका. तिथे भूमि अभिलेख विभागाची अधिकृत मोजणीच लागते.

आमचा भाग डोंगराळ आहे. उतारामुळे जमीन नकाशापेक्षा जास्त नाही का?

उताराचा पृष्ठभाग जास्त असतो हे खरे. ३० अंशांच्या उतारावर तो नकाशातल्या क्षेत्रापेक्षा १५ टक्क्यांनी जास्त भरतो, १० अंशांवर दीड टक्क्यानेच. पण पाऊस वरून पडतो आणि तो आडव्या क्षेत्रावरच मोजला जातो. सातबाऱ्यावरचे क्षेत्रही आडवेच असते. म्हणून पाणलोटाच्या हिशेबात उताराची दुरुस्ती करायची नाही. गवताचे बी फेकायचे असेल, तर पृष्ठभागाचा विचार करा.

हेक्टर चुकले तर पाण्याचा हिशेब किती चुकतो?

तेवढ्याच पटीने. १ हेक्टरवर १ मिमी पाणी म्हणजे १० घनमीटर. हंगामात १०० मिमी अपधाव येईल असे धरले तर प्रत्येक हेक्टर १,००० घनमीटर, म्हणजे १ टीसीएम पाणी देतो. ३८३ हेक्टरचे ३८३ टीसीएम. वर्ग विसरून ७६७ हेक्टर धरले तर कागदावर ७६७ टीसीएम पाणी दिसेल. त्यावर आखलेला साठा चांगल्या पावसातही अर्धाच भरेल आणि दोष पावसाला दिला जाईल. सांडव्याची रुंदी मात्र गरजेपेक्षा मोठी होईल आणि खर्च वाढेल. उलट १:२५,००० च्या शीटवर १ चौ. सेंमी २५ ऐवजी ६.२५ हेक्टरचा असतो. समजा कोणी तो गुणक १:५०,००० च्या शीटवर वापरला, तर क्षेत्र चौथा हिस्सा दिसेल आणि सांडवा पुराला अपुरा पडेल. ही चूक जास्त भयंकर आहे, कारण तिच्यात बांध वाहून जातो.

संगणकावर बहुभुज काढला की क्षेत्र मिळते. मग चौकोन कशाला मोजायचे?

दोन्ही करा आणि ताडून पाहा. संगणकही प्रमाणाच्या वर्गातून सुटलेला नाही. `QGIS` मध्ये थर `EPSG:3857` मध्ये असेल आणि तुम्ही `area(@geometry)` वापरले, तर १९ अंश अक्षांशावर लांबी सुमारे ६ टक्के फुगलेली असते आणि क्षेत्र त्याच्या वर्गाने, जवळजवळ १२ टक्के. आपले ३८३ हेक्टर तिथे ४२८ दिसतील. ७८ अंश पूर्व रेखांशाच्या पश्चिमेला `EPSG:32643` आणि पूर्व विदर्भात त्याच्या पलीकडे `EPSG:32644` घ्या, किंवा प्रकल्पाचा लंबगोल नीट निवडून `$area` वापरा. हाताच्या मोजणीशी फरक दोन-तीन टक्क्यांत राहिला तर दोन्ही बरोबर आहेत. तो १२ टक्क्यांच्या आसपास दिसला तर प्रक्षेपण तपासा, दुप्पट किंवा चौपट दिसला तर ट्रेसिंगच्या कोपऱ्यातली ओळ पुन्हा वाचा.